कराराची तारीख मे महिन्यात आणताना: कोथरूडच्या फ्लॅटच्या नोंदी

फ्लॅट आईच्या नावावर. कोथरूडला, दोन बेडरूम, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी नाशिकला राहतो, त्यामुळे प्रत्येक कामाला एक दिवस आणि एसटीचं तिकीट धरायचं. भाडेकरू जाऊन नवा येईपर्यंत घर दोन महिने रिकामं पडलं, तेव्हा या नोंदी सुरू केल्या. ज्यांना आपल्या घराचा करार शाळा-बदल्यांच्या हंगामाआधी संपवायचा आहे त्यांनी वाचाव्यात. माझं पहिल्या वर्षी जमलं नाही, ते का हेही लिहिलं आहे.

२ ऑक्टोबर २०२४

काल सकाळी घराचा ताबा घेतला. आज सर्वपित्री अमावास्या. एजंटला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "साहेब, पितृपक्षात कोण घर बघतंय? उद्यापासून नवरात्र, मग दसरा, मग दिवाळी. दिवाळीच्या तोंडावर संसार कोण हलवतो? त्यात यंदा निवडणूक. डिसेंबर धरा."

मला वाटलं, तो भाडं कमी करायला लावतोय. पण संध्याकाळी जुन्या करारांची फाइल काढली आणि खरा घोळ कळला. २०२१ साली पहिला करार १ फेब्रुवारीला सुरू झाला होता. अकरा महिन्यांचा, म्हणून ३१ डिसेंबरला संपला. पुढचा १ जानेवारी ते ३० नोव्हेंबर २०२२. त्याच्या पुढचा १ डिसेंबर २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२३. आणि शेवटचा १ नोव्हेंबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४. म्हणजे दर खेपेला संपण्याची तारीख एक महिना अलीकडे सरकत होती. आम्ही कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतो. भाडेकरू तोच, नूतनीकरण तेच, सही केली की झालं. चार करारांत ती डिसेंबरातून थेट पितृपक्षात येऊन पडली आणि नेमका त्याच वर्षी भाडेकरू गेला.

त्यांचा दोष नाही. करार संपला, त्यांनी महिनाभर आधी सांगितलं, भिंतीचे खिळेसुद्धा काढून दिले.

६ ऑक्टोबर

अकरा महिनेच का, हे तीन जणांना विचारलं. आई म्हणाली, "वर्षाच्या वर करार केला की भाडेकरू बसतो." सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, "कायदाच आहे तसा." एजंट म्हणाला, "फॉर्मॅट तोच असतो." शेवटी ओळखीच्या वकिलांकडे गेलो.

त्यांचं म्हणणं असं. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असं नोंदणी कायद्यात आहे. ती टाळायला देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. ती जबाबदारीही घरमालकाची. मग अकरा महिन्यांनी वाचतं काय? काही नाही. राहिली भाडेकरू बसण्याची भीती. मुदत संपली की ताबा मागण्याचा मार्ग कलम २४ मध्ये आहे आणि तो पाच महिन्यांच्या कराराला जसा लागू तसाच सतरा महिन्यांच्या.

थोडक्यात, मुदत आपण ठरवायची. बारा, सतरा, पाच, काहीही. इतकी वर्षं हे सुचलं नाही याचा राग आला, पण तो कुणावर काढायचा?

१९ ऑक्टोबर

तारीख कुठली हवी हे उलटीकडून मोजत बसलो.

आमच्या भागात घर शोधणारी कुटुंबं दोन लाटांनी येतात. ज्यांची मुलं केंद्रीय बोर्डाच्या शाळेत जायची असतात त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ती मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, ती मंडळी एप्रिलअखेरपासून फिरतात. राज्य सरकारी नोकरांच्या सर्वसाधारण बदल्या २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे एप्रिल किंवा मे महिन्यात व्हायच्या असतात. बँकवाल्यांच्या याद्याही त्याच सुमाराला लागतात. म्हणजे दुसरी लाट मोठी, आणि तिच्यात साहेब लोकही असतात, म्हणजे पगारपत्रक दाखवणारे आणि दोन-तीन वर्षं टिकणारे.

या लोकांना १ जूनला किंवा फार तर १० जूनला सामान आत हवं असतं. घराला रंग, नळ, साफसफाई मिळून दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे घर १५ मेच्या आत हातात हवं. पण १५ मेला रिकामं झाल्यावर दाखवायला सुरुवात केली तर उशीर होतो, दाखवणं एप्रिलमध्येच व्हायला हवं. त्या वेळी आत जुना भाडेकरू असणार. ही गोष्ट तेव्हा वहीत लिहिली आणि नंतर विसरलो. पुढे येईलच.

फार आधीही नको. घर मार्चअखेरीला रिकामं झालं तर पहिल्या लाटेतलं कुणी मिळालं तर मिळालं, नाहीतर एप्रिल-मे रिकामा. म्हणून माझी खिडकी ३० एप्रिल ते १५ मे.

२४ नोव्हेंबर

मतदान झालं, निकालही लागला, आणि लोक घरं बघायला लागले. एजंटने बरोबर सांगितलं होतं.

दोन गिऱ्हाइकं आहेत. एक जोडपं, दोघंही आयटीत, मूल नाही, दीड वर्ष राहायला तयार, भाडं २३,०००. दुसरं कुटुंब चौघांचं. त्यांचा स्वतःचा फ्लॅट तयार होतोय, मार्चमध्ये ताबा आहे, अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा आहे. २०२५ ची अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला. त्यांना पाच महिनेच हवेत, भाडं तेच २३,०००.

जोडप्याशी १ डिसेंबरपासून सतरा महिन्यांचा करार केला तर तो ३० एप्रिल २०२६ ला संपेल. कुटुंबाशी पाच महिन्यांचा केला तर ३० एप्रिल २०२५ ला. तारीख दोन्हीकडे चांगलीच, फरक एका वर्षाचा. मुद्रांक शुल्काचं गणित करून पाहिलं. एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. डिपॉझिट ६०,०००. पाच महिन्यांचे ३०० रुपये होतात, सतरा महिन्यांचे १,०००. नोंदणी फी दोन्हीला १,०००. म्हणजे खर्चाच्या अंगाने निवडण्यासारखं काही नाही.

मी पाच महिने निवडले. कारण हाव. मे २०२५ मध्येच २८,००० मिळतील असं एजंट म्हणत होता, मग दीड वर्ष २३,००० वर का अडकायचं? शिवाय आईला "सतरा" ऐकूनच धडकी भरली होती.

१ डिसेंबर

करार झाला. अर्ध्या महिन्याची दलाली माझ्याकडून, ११,५००.

रिकाम्या दोन महिन्यांचा हिशेब मांडून ठेवतो: जुनं भाडं २४,००० प्रमाणे ४८,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ५,२००. एकूण ५३,२००. वर भाडं हजाराने उतरलं ते वेगळं.

११ मार्च २०२५

घर दाखवण्याबद्दल विचारायला भाडेकरूंना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "मुलाची दहावी चालू आहे, परीक्षा संपेपर्यंत कोणी नको." बरोबरच आहे. करारात घर दाखवण्याबद्दल एक ओळही नाही. मी ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने लिहिलेलं करार करताना विसरलो. फॉर्मॅट तोच असतो, त्यात पाहणीचं वाक्य असतं पण ते मालकाने दुरुस्तीसाठी पाहणी करण्याचं. परक्या माणसांना घरात फिरवण्याचं नाही.

५ एप्रिल

पहिल्यांदा घर दाखवलं. मी मुद्दाम आलो होतो. चौघांचा संसार, त्यात नव्या घरासाठी घेतलेलं सामान खोक्यांत भरून हॉलमध्ये छतापर्यंत रचलेलं. बेडरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. बघायला आलेल्या बाईंनी दारातूनच विचारलं, "हीच मोठी बेडरूम का?" तीच मोठी होती.

रिकाम्या घराचे फोटो असते तर निम्मं काम झालं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन महिने घर रिकामं होतं तेव्हा एकही फोटो काढला नाही.

१७ एप्रिल

वहिनींचा फोन. ताबा लांबला. बिल्डरला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नाही, "जुलै नक्की" म्हणतोय. जुलैपर्यंत राहू द्या, भाडं हजाराने वाढवून देतो.

रात्री महारेराच्या संकेतस्थळावर त्यांचा प्रकल्प काढून पाहिला. तिथे पूर्णत्वाची तारीख डिसेंबर २०२५ लिहिलेली होती. हे पाहायला मला नोव्हेंबरात पाच मिनिटं लागली असती. त्यांना बिल्डरने तोंडी मार्च सांगितला, त्यांनी मला मार्च सांगितला, आणि मी त्यावर माझा मे महिना उभा केला.

२० एप्रिल

पुण्याला गेलो, समोर बसून बोललो. करार टेबलावर होता. मुदतीनंतर राहिलात तर भाड्याच्या दुप्पट भरपाई, हे कलम २४ चंच आहे आणि करारातही आहे. मी ते वाचून दाखवलं. दादा शांतपणे म्हणाले, "आम्ही जायला तयार आहोत हो. कुठे जाऊ ते सांगा."

आणि इथे मला माझ्या योजनेतली मोठी चूक दिसली. ते तीन महिन्यांसाठी घर शोधत होते आणि कोणी देत नव्हतं. का देईल? मे-जूनमध्ये प्रत्येक मालकाला वर्षाचा भाडेकरू मिळतो. ज्या हंगामासाठी मला घर रिकामं हवं होतं, त्याच हंगामाने त्यांची वाट अडवली होती. मधल्या काळासाठी ठेवलेला भाडेकरू जर स्वतःच घराच्या प्रतीक्षेत असेल, तर करार संपताना त्याला बाहेर पडणं सगळ्यात अवघड असतं. ऑक्टोबरात करार संपला असता तर त्यांना आठवड्यात घर मिळालं असतं.

सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो हे खरं, पण अर्ज, नोटीस, तारीख यात माझा हंगाम गेलाच असता. कायद्याने ताबा मिळतो, मे महिना मिळत नाही.

२८ एप्रिल

तोडगा निघाला. वहिनींचे भाऊ सिंहगड रोडला राहतात, त्यांच्याकडे मंडळी राहतील. खोकी आणि कपाटं एका गाळ्यात ठेवतील. त्यासाठी २४ मेपर्यंत मुदत मागितली. दिली. डिपॉझिटमधले ३०,००० आधी परत केले, कारण टेम्पो आणि गाळ्याला त्यांना रोख लागणार होती. दुप्पट भरपाई घेतली नाही, २४ दिवसांचे साध्या दराने १८,००० घेतले.

वकिलांनी एक गोष्ट करून घ्यायला सांगितली: करार ३० एप्रिलला संपला, आम्ही २४ मेला ताबा देऊ, आणि ही रक्कम भाडं नसून वापराची भरपाई आहे, असं दोघांच्या सहीचं पत्र. मुदत संपल्यावर मुकाट्याने नेहमीसारखं भाडं घेत राहिलात तर पुढे भांडण झालंच तर समोरचा म्हणतो, तोंडी मुदत वाढवली होती.

१२ मे

चांगली बातमी. बदलीवर आलेलं एक कुटुंब, १ जूनपासून, २८,०००. खोक्यांसकट घर पाहिलं आणि पसंत केलं. टोकन ५,००० घेतलं. रंगारी २५ तारखेला ठरवला. सात दिवसांचं काम, ३१ ला संध्याकाळी संपणार. गणित अगदी काठावर बसत होतं, पण बसत होतं.

२६ मे

परवा ताबा घेतला, रंगारी काल आला. आज पुण्यात मान्सून आला. २६ मे! एरवी जूनचा पहिला-दुसरा आठवडा. त्याआधी आठवडाभर वळीव पडतच होता, मी नाशिकला बसून "गारवा झाला" म्हणत होतो.

२९ मे

पश्चिमेची भिंत. मोठ्या बेडरूमची. कपाट तिला लागून होतं, त्यामुळे मागची ओल कुणाला दिसली नव्हती. रंगाऱ्याने जुने पोपडे खरवडून पुट्टीचा पहिला हात दिला. एरवी मे महिन्यात तो चार-पाच तासांत वाळतो आणि दुसऱ्या दिवशी घासायला तयार. आज तिसरा दिवस. अंगठा दाबला तर ठसा उमटतो, आणि खिडकीच्या खाली एका ठिकाणी पुट्टी पुरीसारखी फुगली आहे. रंगाऱ्याने नखाने तो फुगा फोडला. आतून भिंत काळपट ओली. म्हणाला, "यावर मी प्रायमर मारून देतो, तुम्हाला पांढरी दिसेल. गणपतीपर्यंत खाली येईल."

मारू दिला नाही. बाहेरून खिडकीच्या छज्जावरची भेग भरून घेतली, पाऊस उघडेल त्या दोन तासांत. आत दोन मोठे पंखे भाड्याने आणून लावले.

१ जून

बदलीवाल्या कुटुंबाने टोकन परत घेतलं. त्यांचं सामान टेम्पोत होतं, ते किती थांबणार? त्याच गल्लीत २९,००० चं घर घेतलं म्हणे. वाईट वाटलं, पण मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

१५ जून

घर लागलं. बँकेतले अधिकारी, दोन मुलं. उद्या १६ तारखेला शाळा उघडतायत, म्हणून मंडळी घाईत होती, आणि मीही. भाडं २६,५००, डिपॉझिट एक लाख.

चोवीस दिवसांच्या मुदतवाढीची किंमत: १ ते १४ जूनचं बुडालेलं भाडं साधारण १२,४००, आणि महिन्याला दीड हजार कमी म्हणजे अकरा महिन्यांचे १६,५००. मिळून २८,९००. पंखे, छज्जा, जास्तीची मजुरी ७,२००, पण छज्जाचा खर्च कधीतरी करायचाच होता.

३० एप्रिलला घर मिळालं असतं तर पुट्टी कोरड्या हवेत वाळली असती, ओल दिसली असती आणि दुरुस्तीला तीन आठवडे हातात असते. मी १५ मे ही शेवटची मर्यादा धरत होतो ती फक्त भाडेकरूच्या सोयीने. भिंतीच्या सोयीने ती ३० एप्रिल आहे. रंग काढायचा नसेल त्या वर्षी १५ मे चालेल.

आता करारात काय घातलं ते लिहितो, कारण इतका खटाटोप त्यासाठीच.

मुदत १५ जून २०२५ ते १४ मे २०२६, म्हणजे अकरा महिनेच. या वेळी अकरा उपयोगी पडले, कारण सुरुवात जूनच्या मध्याला होती. मला ३० एप्रिल हवी होती, पण त्यासाठी साडेदहा महिने लिहावे लागले असते आणि एजंट मुदत पूर्ण महिन्यांतच भरतो. छज्जा दुरुस्त झालाय, पुढच्या वर्षी रंग नाही, म्हणून १४ मे मान्य केली.

लॉक-इन आठ महिने, १४ फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस. म्हणजे कितीही लवकर जायचं म्हटलं तरी १४ एप्रिलच्या आधी घर रिकामं होत नाही. हे कलम नसेल तर संपण्याची तारीख कितीही विचारपूर्वक ठरवा, भाडेकरू सप्टेंबरात एक महिन्याची नोटीस देऊन जाऊ शकतो आणि आपण पुन्हा पितृपक्षात. लॉक-इनला प्रत्यक्षात दात असतात ते डिपॉझिटइतकेच, हेही खरं. लाखभर डिपॉझिट घेण्याचं कारण तेच. अधिकाऱ्यांनी एक सवलत मागितली: मधेच बदली झाली तर बदलीचा आदेश दाखवून एका महिन्यात सुटका. दिली. बदल्या बहुतेक मे-जूनमध्येच होतात, म्हणजे त्यांची अडचण आणि माझा हंगाम एकाच दिशेला आहेत.

घर दाखवणं: शेवटचे पंचेचाळीस दिवस, आदल्या दिवशी कळवून, संध्याकाळी सहा ते आठ, आठवड्यातून तीनदाच. मुलांच्या परीक्षेच्या काळात नाही. हे वाक्य त्यांच्या सौ.नीच घालायला लावलं आणि मी आनंदाने घातलं.

सामान यायच्या आधी सकाळी सात वाजता सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. खिडक्या उघड्या, दिवे लावलेले, पश्चिमेच्या भिंतीचा एक वेगळा.

१० ऑक्टोबर २०२५

शेजारच्या इमारतीतल्या एका काकांचा फोन आला. त्यांचं घर दहा दिवस रिकामं आहे, करार सप्टेंबरअखेर संपला. काय करू विचारत होते. सांगितलं की आता भाडेकरू मिळेल तेव्हा मुदत अशी धरा की शेवट एप्रिलअखेर पडेल. १ नोव्हेंबरला कोणी आला तर सहा किंवा अठरा महिने. सहा महिन्यांचा घ्यायचा तर त्याच्या जाण्याचं कारण त्याच्या हातातलं हवं. मुलाची बारावी संपली की गावी जाणारं कुटुंब चालेल, प्रशिक्षणाला आलेला माणूस चालेल. नव्या फ्लॅटच्या ताब्याची वाट पाहणारा असेल तर महारेरावर तारीख बघा आणि तिच्यावरही सहा महिने चढवा. आणि शक्य असेल तर अठराच करा.

आमच्या भागात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे, त्यांची माणसं घरं शोधत येतात, भाडं चांगलं देतात. काकांना तसं एक गिऱ्हाईक आलंय, "दोन वर्षं किंवा ताबा मिळेपर्यंत". त्यातलं "किंवा" काढून टाका म्हटलं. पक्की तारीख लिहा, वाढवायची तर पुन्हा एप्रिलअखेरपर्यंतच वाढवा. काका म्हणाले, "लोक काय म्हणतील, इतका हिशेबी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ५३,२०० चा आकडा तेवढा सांगितला.

५ फेब्रुवारी २०२६

लॉक-इन संपायला नऊ दिवस आहेत. आजच अधिकाऱ्यांना लेखी विचारलं: १४ मेनंतर राहणार का, १५ मार्चपर्यंत कळवा. फोनवर विचारलं की "बघू" असं उत्तर येतं, व्हॉट्सअॅपवर तारीख घालून विचारलं की तारीख घालून उत्तर येतं.

राहणार असतील तर पुढचा करार १५ मे २०२६ ते १४ मे २०२७, बारा महिन्यांचा. अकराचा केला की १४ एप्रिलला येतो, पुढच्या वर्षी १४ मार्चला, आणि घसरगुंडी पुन्हा सुरू. मुद्रांकात फरक किती पडतो तेही पाहिलं: २६,५०० भाडं आणि लाखाचं डिपॉझिट धरून अकरा महिन्यांचे ८०० रुपये, बाराचे ९००. एजंटला आत्ताच सांगून ठेवलं. तो म्हणाला, "फॉर्मॅटमध्ये अकरा आहे, बदलून घेतो."

१ मार्च

उत्तर आलं. त्यांना राहायचं आहे, पण बदलीच्या यादीत नाव येण्याची शक्यता आहे आणि यादी एप्रिलच्या आधी लागणार नाही. मोठ्या मुलीला इथली शाळा सोडायची नाही, त्यामुळे बदली झालीच तर साहेब एकटे जातील आणि कुटुंब इथेच राहील, असाही विचार चालू आहे.

म्हणजे माझ्यासाठी तीन शक्यता, आणि तिन्हींत घर मे महिन्यातच मोकळं होईल किंवा होणारच नाही. त्यांना २५ एप्रिलपर्यंत वेळ दिला. गेल्या जूनचे फोटो एजंटला पाठवून ठेवले आहेत, पण २५ तारखेआधी कुणाला घरी आणायचं नाही असं बजावलंय. रंगाऱ्यालाही फोन केला, १५ ते १८ मे मोकळे ठेव म्हटलं, काम निघालं तर. त्याने पहिला प्रश्न विचारला: "ती पश्चिमेची भिंत कशी आहे?"

सौ.ना विचारलं. कपाट आता दुसऱ्या भिंतीला लावलंय, ती भिंत कोरडी आहे.